ब्राह्मीचं पान आणि मामाची जखम: ‘गोटू कोला’ त्वचेच्या पेशींना नेमकं काय सांगतं?

गेल्या पावसाळ्यात बडोद्याला मामाकडे गेले होते. मामाने नवीन चप्पल घेतली होती आणि तिचा पट्टा डाव्या पायाच्या अंगठ्याला घासून जखम झाली होती. मामाला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पायाला बधिरपणा असल्यामुळे चप्पल घासतेय हे त्याला कळलंच नाही. रात्री मामीला फरशीवर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कळलं.

मामीच्या गॅलरीत ब्राह्मीची कुंडी आहे. शेजारच्या मंगळूरच्या काकूंनी सांगितलं, “आमच्याकडे हिला ओंदेलगा म्हणतात. जखमेवर उत्तम.” त्याच दिवशी मामीच्या फोनवर एक व्हिडिओ आला. त्यात म्हटलं होतं की गोटू कोलातलं एशियाटिकोसाइड कोलॅजन वाढवतं आणि जखम झटपट भरते. मग काय, मामीने रोज चार पानं वाटून लेप लावायला सुरुवात केली. नवव्या दिवशी पट्टी सोडली तर वास येत होता.

डॉक्टरांनी जखम धुताना हिरवा चोथा काढला. मी विचारलं, “ब्राह्मी लावणं चुकीचं होतं का?” ते म्हणाले, “ब्राह्मीत औषध आहे हे खरं आहे. पण तुम्ही औषध लावलं नाही, पान लावलं.”

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पान आणि औषध यात एवढा काय फरक? आणि कोलॅजन वाढतं म्हणजे नेमकं काय होतं? परत आल्यावर मी वाचायला बसले. जे समजलं ते तुम्हालाही सांगते, कारण हा व्हिडिओ तुमच्या फोनवरही आला असेल.

आधी झाडाची ओळख पटवूया

गोटू कोला हे सिंहली नाव आहे. श्रीलंकेत या पानांचं सांबोल करून भातासोबत खातात. वनस्पतीचं शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. तमिळमध्ये वल्लारै, बंगालीत थानकुनी, आसामीत मानीमुनी, संस्कृतमध्ये मंडूकपर्णी. मराठीत काही ठिकाणी तिला कारिवणा म्हणतात, पण बहुतेक घरांत ती ‘ब्राह्मी’ म्हणूनच ओळखली जाते.

इथेच पहिला घोटाळा होतो. ब्राह्मी या नावाने आणखी एक वनस्पती विकली जाते, ती म्हणजे नीरब्राह्मी, शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. तिची पानं लहान, जाडसर, लांबट असतात आणि देठावर समोरासमोर येतात. तिच्यात एशियाटिकोसाइड नसतं. तिसरी गंमत नर्सरीत होते. नाण्यासारखी गोल पानं असलेली एक शोभेची वनस्पती ‘ब्राह्मी’ सांगून दिली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. त्या शोभेच्या झाडाचा देठ पानाच्या मधोमध जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. खऱ्या मंडूकपर्णीच्या पानाला एका बाजूला खाच असते आणि देठ त्या खाचेत जोडलेला असतो. शिवाय ती जमिनीवर पसरते आणि पेरापेरांतून मुळं धरते.

मामीच्या कुंडीतलं झाड खरंच मंडूकपर्णी होतं. म्हणजे चूक झाडाची नव्हती.

जखम भरते तेव्हा आत काय चालतं?

त्वचा कापली की आधी रक्त गोठतं. मग काही दिवस तिथे लाली, सूज आणि ठणका असतो. याला दाह म्हणतात. आपल्याला तो नकोसा वाटतो, पण त्या दिवसांत पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेला भाग साफ करत असतात. सफाई झाल्याशिवाय बांधकाम सुरू होत नाही.

बांधकाम करणाऱ्या पेशींचं नाव फायब्रोब्लास्ट. त्या त्वचेच्या खालच्या थरात असतात. जखम झाली की त्या कडेकडून आत सरकतात आणि कोलॅजन तयार करू लागतात. कोलॅजन हे एक प्रथिन आहे. तीन धागे एकमेकांभोवती पिळून दोर वळावा, तशी त्याची रचना असते. असे अनेक दोर एकमेकांना जोडले गेले की जखमेची पोकळी भरून काढणारी जाळी तयार होते. त्याच वेळी नव्या बारीक रक्तवाहिन्या तिथे पोहोचतात, कारण बांधकामाला प्राणवायू आणि साहित्य लागतं. वरून त्वचेचा पातळ थर कडेकडून सरकत येऊन छप्पर घालतो.

सुरुवातीला घाईने बनलेलं कोलॅजन नाजूक असतं. पुढचे कित्येक महिने शरीर ते काढून त्या जागी जास्त मजबूत कोलॅजन बसवत राहतं. म्हणूनच जखम वरून बंद दिसली तरी आतून कच्ची असते. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या साधारण पाचव्या भागाइतकी असते. तीन महिन्यांनी ती सुमारे 80 टक्क्यांपर्यंत जाते. पूर्ण 100 टक्के ती कधीच होत नाही.

या सगळ्या कामात एशियाटिकोसाइडचा हात कुठे लागतो, हा आपला मुद्दा आहे. शास्त्रज्ञांचा प्रस्ताव असा आहे: हे द्रव्य फायब्रोब्लास्टना जास्त कोलॅजन बनवायला सांगतं.

मादागास्करपासून लखनौपर्यंत

हे द्रव्य 1941 मध्ये वेगळं काढलं गेलं. संशोधकाचं नाव बोंतेम्स आणि झाड मादागास्कर बेटावरचं. त्या बेटावर कुष्ठरोगाच्या जखमांवर या वनस्पतीचा वापर होत असे. पिएर ब्वातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कुष्ठरोगाच्या आणि बऱ्या न होणाऱ्या इतर जखमांवर हे द्रव्य वापरून पाहिलं. पुढे फ्रान्समध्ये या वनस्पतीच्या अर्काचं मलम औषध म्हणून आलं. त्यात नुसतं वाटलेलं पान नव्हतं. अर्कातल्या घटकांचं प्रमाण ठरवलेलं होतं: 40 टक्के एशियाटिकोसाइड आणि बाकीच्या 60 टक्क्यांत त्याच कुळातली दोन आम्लं, एशियाटिक आणि मॅडेकॅसिक. मॅडेकॅसिक या नावात मादागास्करच लपलेलं आहे.

पण ‘रुग्णांना बरं वाटलं’ आणि ‘कोलॅजन वाढलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट मोजावी लागते. ती कशी मोजतात याचं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे.

लखनौचा प्रयोग

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मंडूकपर्णीतून शुद्ध एशियाटिकोसाइड वेगळं काढलं आणि त्याचं 0.2 टक्के तीव्रतेचं द्रावण केलं. म्हणजे 100 मिलिलिटर द्रावणात फक्त 200 मिलिग्रॅम द्रव्य. गिनीपिगच्या त्वचेवर ठरावीक आकाराच्या छोट्या गोल जखमा करून काहींवर हे द्रावण लावलं. काहींवर लावलं नाही. मग दोन्हींची तुलना केली.

आता प्रश्न असा, की जखमेत कोलॅजन किती आहे हे कळणार कसं? डोळ्यांनी दिसत नाही. इथे एक छान युक्ती वापरतात. कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन नावाचा एक घटक भरपूर असतो आणि शरीरातल्या इतर प्रथिनांमध्ये तो जवळजवळ नसतोच. म्हणून भरत आलेल्या जखमेचा तुकडा घ्यायचा, तीव्र आम्लात उकळून त्याचे घटक सुटे करायचे आणि हायड्रॉक्सिप्रोलिन किती निघालं ते मोजायचं. भिंतीत किती विटा आहेत हे कळण्यासाठी ती पाडून विटा मोजाव्यात, तसंच हे.

दुसरी चाचणी ताकदीची. भरून आलेली जागा दोन्ही बाजूंनी ओढायची, ताण हळूहळू वाढवायचा आणि ती कितीला तुटते ते पाहायचं.

उत्तर आलं ते असं: द्रावण लावलेल्या जखमांत हायड्रॉक्सिप्रोलिन 56 टक्क्यांनी जास्त होतं आणि ताण सहन करण्याची ताकद 57 टक्क्यांनी जास्त होती. सोप्या भाषेत सांगायचं तर साधी जखम 100 ग्रॅमच्या ओढीला तुटत असेल, तर द्रावण लावलेली 157 ग्रॅमपर्यंत टिकली असती.

या दोन आकड्यांची जोडी महत्त्वाची आहे. नुसतं कोलॅजन वाढलं असतं आणि ताकद तेवढीच राहिली असती, तर त्याचा अर्थ विटा आणून टाकल्या पण भिंत बांधली नाही, असा झाला असता. इथे विटाही वाढल्या आणि भिंतही मजबूत झाली.

मग त्यांनी अवघड परीक्षा घेतली. ज्या उंदरांमध्ये मुद्दाम मधुमेह निर्माण केला होता, त्यांच्या जखमा उशिरा भरतात. तिथे 0.4 टक्के, म्हणजे दुप्पट तीव्रतेचं द्रावण वापरलं. तिथेही कोलॅजन आणि ताकद वाढली. कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर हे द्रव्य ठेवलं तेव्हा नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत झाल्याचंही दिसलं.

याच गटाने उंदरांवर आणखी एक प्रयोग केला. जखमेवर 0.2 टक्के द्रावण दिवसातून दोनदा लावलं. सातव्या दिवशी जखमेतली संरक्षक द्रव्यं, म्हणजे ई आणि सी जीवनसत्त्व आणि काही एन्झाइम्स, वाढलेली दिसली. चौदाव्या दिवशी मात्र साध्या जखमेत आणि औषध लावलेल्या जखमेत फरक उरला नव्हता. म्हणजे या बाबतीत तरी हे द्रव्य मदत करतं ती सुरुवातीच्या दिवसांत.

पेशीच्या आत निरोप कसा पोहोचतो?

आता थोडं खोलात जाऊया. फायब्रोब्लास्टला ‘कोलॅजन बनव’ असं सांगणारा शरीराचा स्वतःचा एक निरोप्या आहे, टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन. तो पेशीच्या दाराशी येतो आणि दारावरची घंटा वाजवतो. ही घंटा म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक. घंटा वाजली की आत बसलेल्या स्मॅड-2 आणि स्मॅड-3 या प्रथिनांवर फॉस्फेटचा एक शिक्का बसतो. शिक्का बसलेली ही जोडी स्मॅड-4 ला सोबत घेते आणि पेशीच्या केंद्रकात शिरते. तिथे कोलॅजनची कृती लिहिलेलं जनुक असतं. ते उघडलं जातं आणि काम सुरू होतं.

कोरियातल्या संशोधकांनी 2006 मध्ये माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्टवर एशियाटिकोसाइड टाकून पाहिलं. स्मॅड-2 आणि स्मॅड-3 वर शिक्के बसले, जोडी केंद्रकात गेली आणि मुख्य प्रकारचं कोलॅजन, म्हणजे टाइप-1, वाढलं. मग त्यांनी एक हुशारी केली. दारावरची घंटा बंद पाडणारं रसायन आधी टाकलं आणि नंतर एशियाटिकोसाइड. तरीही स्मॅडवर शिक्के बसलेच! याचा अर्थ त्यांनी असा लावला की हे द्रव्य पुढच्या दाराची घंटा न वाजवता मागच्या दाराने निरोप पोहोचवत असावं.

आणखी एक प्रश्न उरतो. एशियाटिकोसाइडचा रेणू मोठा आहे. एशियाटिक आम्लाला साखरेच्या तीन रेणूंची शेपटी जोडलेली, अशी त्याची घडण आहे. मग काम कोण करतं, आम्ल की शेपटी? फ्रेंच संशोधकांनी 1994 मध्ये दोन्ही वेगवेगळे तपासले. शेपटी नसलेल्या एशियाटिक आम्लानेही कोलॅजन वाढवलं. म्हणजे या कामासाठी साखरेची गरज नाही. त्याच अभ्यासात दिसलं की सोबत सी जीवनसत्त्व असेल तर कोलॅजन आणखी जास्त बनतं. ते साहजिकच आहे, कारण कोलॅजनचे धागे नीट पिळले जाण्यासाठी हायड्रॉक्सिप्रोलिन लागतं आणि ते तयार करणाऱ्या एन्झाइमला सी जीवनसत्त्वाशिवाय काम करता येत नाही. आहारात आवळा, पेरू, लिंबू नसेल तर पेशीला निरोप मिळूनही दोर कच्चाच वळला जाईल.

मग जास्त कोलॅजन म्हणजे मोठा व्रण नाही का?

हा प्रश्न माझ्या बहिणीने विचारला. तिच्या कानाला टोचलेल्या जागी केलॉइड आहे, म्हणजे जखम भरूनही मांस वाढतच गेल्यासारखी टणक गाठ. केलॉइडमध्ये फायब्रोब्लास्ट थांबायचं विसरतात आणि कोलॅजन साचत राहतं. तिला वाटलं, कोलॅजन वाढवणारं मलम लावलं तर गाठ आणखी वाढेल.

गंमत म्हणजे चीनमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये केलॉइडमधूनच घेतलेल्या फायब्रोब्लास्टवर एशियाटिकोसाइड वापरलं, तेव्हा उलटं घडलं. तिथे कोलॅजन कमी झालं. स्मॅड-7 नावाचं प्रथिन वाढलं, जे या निरोपाच्या वाटेवरचा ब्रेक आहे. शिवाय दारावरच्या घंटाही कमी झाल्या.

साध्या त्वचेच्या पेशीत वाढ आणि केलॉइडच्या पेशीत घट! पेशी कुठल्या अवस्थेत आहे आणि द्रव्याचं प्रमाण किती आहे, यावर परिणाम बदलतो. म्हणून ‘कोलॅजन वाढवतं’ हे अर्धंच वाक्य आहे. पण हेही लक्षात ठेवा की दोन्ही निष्कर्ष काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचे आहेत. बशीत द्रव्य थेट पेशीवर पडतं. कानाच्या पाळीवर मलम चोळलं म्हणजे ते आतल्या गाठीपर्यंत पोहोचलं, असं होत नाही. बहिणीला मी त्वचारोगतज्ज्ञांकडेच पाठवलं.

माणसांवर काय दिसलं?

थायलंडमध्ये मधुमेह आणि जखम असलेल्या 200 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला मंडूकपर्णीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या. एका कॅप्सूलमध्ये 50 मिलिग्रॅम एशियाटिकोसाइड, दोन कॅप्सूल, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. म्हणजे रोज 300 मिलिग्रॅम. दुसऱ्या गटाला दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी जखमा तपासल्या. औषध घेतलेल्या गटाच्या जखमा जास्त आक्रसल्या होत्या आणि गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत.

हे आशादायक आहे. पण 200 रुग्ण आणि तीन आठवडे यावर ‘मधुमेहाच्या जखमेवर खात्रीचा उपाय’ असं लिहिता येत नाही. व्हिडिओवाले लिहितात, ती गोष्ट वेगळी.

पान, क्रीम आणि औषध: फरक इथे आहे

आता डॉक्टरांच्या त्या वाक्याकडे येऊ.

पहिला फरक प्रमाणाचा. प्रयोगात 0.2 टक्के म्हणजे 0.2 टक्केच होतं. मामीच्या चार पानांत किती होतं? कुणालाच सांगता येणार नाही. झाड कुठल्या मातीत वाढलं, कुठल्या जातीचं आहे, कुठल्या ऋतूत तोडलं, यानुसार त्यातलं एशियाटिकोसाइड कित्येक पटींनी बदलतं. ताज्या पानाचा बहुतांश भाग तर पाणीच असतो.

दुसरा फरक स्वच्छतेचा, आणि मामाला तोच नडला. मंडूकपर्णी जमिनीला चिकटून वाढते. तिच्या पानांवर माती, शेणखत आणि त्यातले जंतू असतात. धनुर्वाताचे जंतूही मातीतच राहतात. नळाखाली पानं धुतली म्हणजे ती निर्जंतुक झाली असं नाही. त्यांचा ओला लेप जखमेवर बांधला, की आपण जंतूंना ऊब, ओलावा आणि खाऊ, तिन्ही देतो. शिवाय हिरव्या थराखाली जखमेचा रंग दिसत नाही. लाली पसरतेय की नाही हे कळायला मार्गच राहत नाही.

तिसरा फरक क्रीमचा. हल्ली ‘सिका’ नावाने कोरियन क्रीम बरीच विकली जातात. सिका म्हणजे हीच सेंटेला. ती कोरड्या, लालसर त्वचेसाठी बनवलेली प्रसाधनं आहेत, उघड्या जखमेसाठी नाहीत. एशियाटिकोसाइडचा रेणू मोठा आणि पाण्यात रमणारा असल्यामुळे धडधाकट त्वचेच्या तेलकट वरच्या थरातून तो सहज आत जात नाही. डब्यावर सेंटेलाचं नाव असलं तरी त्यात किती द्रव्य आहे हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. यादीत ते नाव अगदी शेवटी, सुगंधाच्या आसपास असेल, तर प्रमाण नगण्य असण्याचीच शक्यता जास्त. काहींना या वनस्पतीची ॲलर्जीही होते. म्हणून नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा.

आणि कॅप्सूल? अर्जेंटिनात तीन महिलांना मंडूकपर्णीच्या गोळ्या काही आठवडे घेतल्यानंतर कावीळ झाली आणि यकृताला सूज आली, अशी नोंद 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. गोळ्या थांबवल्यावर त्या बऱ्या झाल्या. असं क्वचितच होतं. पण यकृताचा आजार असेल, गरोदर असाल किंवा इतर औषधं चालू असतील, तर स्वतःहून कॅप्सूल सुरू करू नका. पानांची चटणी किंवा कर्नाटकातली ताकातली तंबुळी अधूनमधून खाणं ही वेगळी गोष्ट. तो स्वयंपाक आहे, उपचार नाही.

जखम भरतेय की नाही, हे घरी कसं ओळखायचं?

मामाच्या डॉक्टरांनी मामीला एक साधी रीत शिकवली. आठवड्यातून एकदा, पट्टी बदलताना, जखमेची सर्वांत जास्त लांबी आणि रुंदी पट्टीला न टेकवता, शेजारी मोजपट्टी धरून मोजायची आणि फोटो काढून ठेवायचा. मामाची जखम पहिल्या दिवशी 2 सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद होती. गुणाकार केला की 3. मधुमेहाच्या पायाच्या जखमेत चार आठवड्यांत हा आकडा निम्म्यावर यायला हवा. आला नाही तर उपचार बदलण्याचा विचार करावा लागतो, रक्तपुरवठा तपासावा लागतो.

आकड्याची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जायचं ते केव्हा? जखमेभोवतीची लाली पसरत असेल, वास किंवा पू येत असेल, कडा काळ्या पडल्या असतील, ताप आला असेल तर. आणि मधुमेह असेल तर पायाची कुठलीही जखम, ती दुखत नसली तरीही. न दुखणं ही तिथे चांगली खूण नाही. नस बधिर झाल्याची ती खूण असते.

तोपर्यंत घरी करायचं ते एवढंच: वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ गॉझने झाका, त्या पायावर भार कमी द्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

मामाचं पुढे काय झालं?

मेलेला भाग काढला, प्रतिजैविकं दिली, साखर आटोक्यात आणली आणि पायाला घासणार नाही अशी मऊ चप्पल दिली. चार आठवड्यांनी जखम 1.2 बाय 1 सेंटिमीटर झाली. गुणाकार 1.2, म्हणजे निम्म्याहून कमी. पूर्ण भरायला अकरा आठवडे लागले.

मामीने विचारलं, “मग त्या एशियाटिकोसाइडचं काय?”

मला आता उत्तर देता आलं. ते द्रव्य फायब्रोब्लास्टला ‘बांधकाम कर’ असं सांगतं. पण मामाच्या जखमेत जंतू होते, म्हणजे सफाईच झाली नव्हती. साखर वाढलेली होती, म्हणजे मजूर थकलेले होते. आणि चप्पल रोज तीच जागा घासत होती, म्हणजे बांधलेलं रोज पडत होतं. अशा जागी नुसता ‘बांधा, बांधा’ असा निरोप पाठवून काय उपयोग?

मामीच्या गॅलरीतली कुंडी अजून तिथेच आहे. आता तिची पानं ताकात जातात. आणि कुंडीशेजारच्या खिळ्याला मामीने एक छोटी मोजपट्टी टांगून ठेवली आहे.